नाना, हे पान बँकेच्या वहीतलं आहे

"आमचं चोपडा तालुक्यात किराणा दुकान आहे. मी नोकरीसाठी नाशिकला असते. बँकेने नानांना दुकानातल्या मालावर ४ लाखांची ओव्हरड्राफ्ट देऊ केली आहे आणि जामीनदार म्हणून माझी सही मागितली आहे. फोनवर नीट सांगता येईना म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं : 'नाना, ओव्हरड्राफ्ट म्हणजे आपल्या खात्यात ४ लाख जास्तीचे येतात. जेवढे वापरू तेवढ्यावरच व्याज, बाकी फुकट.' पत्र वाचून नाना एवढंच म्हणाले, 'हाऊ पैसा कोना शे?' आणि विषय बंद केला. आता दिवाळीच्या मालासाठी ३ लाखांची एफडी मोडायचं म्हणतात. हा शब्द त्यांना सोपा करून कसा सांगू?"
— दुकानदाराची मुलगी

ताई, तुमच्या नानांना शब्द कळला नाही असं तुम्ही धरून चालला आहात. मला उलट वाटतं. हा पैसा कोणाचा, हा त्यांचा प्रश्न पत्रातल्या नेमक्या चुकीच्या ओळीवर बोट ठेवतो. "खात्यात ४ लाख जास्तीचे येतात" ही ती ओळ. खात्यात काहीच येत नाही. खात्यातून शिलकीपेक्षा जास्त उचलायची परवानगी मिळते, एवढंच. बँकेच्या मराठी कागदांत याला 'अधिकर्ष' म्हणतात, पण तो शब्द नानांना सांगून उपयोग नाही. 'उचल' हा शब्द त्यांना माहीत आहे. शिल्लक संपल्यावरही चालू राहणारी उचल म्हणजे ओव्हरड्राफ्ट.

आणि खरं तर नाना स्वतः गेली कित्येक वर्षं ओव्हरड्राफ्ट देत असणार. त्यांची उधारीची वही काढा. एखाद्या शेतकऱ्याचं पान बघा. जूनमध्ये पेरणीच्या वेळी ८०० रुपये नावे, मग तेलाचा डबा नावे, श्रावणात साबुदाणा-शेंगदाणे नावे, मध्येच कधी ५०० जमा, पुन्हा नावे. कापूस विकला की एकदम मोठी रक्कम जमा आणि पान चुकतं. नानांच्या डोक्यात त्या प्रत्येक पानाची एक मर्यादा असते : याला ५ हजारांपर्यंत, त्याला १५ पर्यंत, आणि अमक्याला दिवाळीची बाकी चुकवल्याशिवाय साखरसुद्धा नाही. ही मर्यादा म्हणजे लिमिट. ५ हजारांचं लिमिट दिलं म्हणून त्या शेतकऱ्याच्या घरी ५ हजार रुपये आलेले नसतात. हेच पान बँकेच्या वहीत नानांच्या नावाने उघडलं जाणार आहे. इथे उधारी देणारी बँक आणि घेणारे नाना. पत्राची सुरुवात इथून करा. पुढचं सगळं त्यांना आपोआप उलगडत जाईल.

जमा-नावेचा एक गोंधळ मात्र आधीच सोडवून द्या. बँकेचं पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा असतो, नानांच्या वहीतला नाही. शिलकेपुढे `Cr` असेल तर ती जमा बाकी, म्हणजे बँक नानांना देणं लागते. `Dr` असेल तर ती नावे बाकी, म्हणजे नाना बँकेला देणं लागतात. ओव्हरड्राफ्ट खात्यात दोन्ही प्रकारचे दिवस येतात.

गडबड होते ती मोबाईलवर. समजा खात्यात स्वतःचे २०,००० आहेत आणि लिमिट ४ लाखांचं आहे. पुष्कळ बँकांच्या ॲपमध्ये आणि मेसेजमध्ये `Avl Bal` म्हणून ४,२०,००० दिसतात. जळगावच्या ठोक व्यापाऱ्याला १,५०,००० पाठवले की तिथे २,७०,००० दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, अजून पावणेतीन लाख आहेत की! प्रत्यक्षात खातं १,३०,००० रुपयांनी नावे झालेलं असतं. `Avl Bal` म्हणजे अजून किती उचलता येईल, तो आकडा. देणं किती झालं ते बघायला स्टेटमेंटच उघडावं लागतं. नानांना पत्रात हे तिन्ही आकडे एकाखाली एक लिहून दाखवा. "हाऊ पैसा कोना शे?" याचं उत्तर तेच आहे : २०,००० आपले, बाकीचा बँकेचा.

आता व्याज. "जेवढे वापरू तेवढ्यावरच" हे तुमचं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं. जेवढे, आणि जितके दिवस. बँक रोज रात्री खात्यात किती नावे बाकी आहे ते बघते, त्या आकड्यावर त्या एका दिवसाचं व्याज मोजते, आणि महिन्याच्या शेवटी सगळं एकदम खात्यात नावे टाकते. वर्षाला १० टक्के दर धरून ऑक्टोबर महिना मांडून बघू. ५ तारखेला व्यापाऱ्याला पैसे गेले आणि खातं १,३०,००० नावे झालं. १५ तारखेला ४०,००० भरले, बाकी ९०,००० राहिली. २५ तारखेला ६०,००० भरले, बाकी ३०,०००. म्हणजे १,३०,००० दहा दिवस, ९०,००० दहा दिवस आणि ३०,००० सात दिवस. प्रत्येक रक्कम तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली की २४,१०,००० येते. तिचे १० टक्के काढून ३६५ ने भागले की व्याज निघतं ६६० रुपये.

आता तोच महिना दुसऱ्या पद्धतीने. विक्री तीच, पण गल्ल्यातली रोकड घरच्या कपाटात साठवली आणि ३१ तारखेला संध्याकाळी एकदम भरली, असं समजा. १,३०,००० रुपयांची बाकी ५ ते ३० तारखेपर्यंत म्हणजे २६ दिवस तशीच राहिली, आणि ३१ च्या रात्री ३०,००० उरली. व्याज होतं ९३४ रुपये. माल तेवढाच आला, विकला तेवढाच गेला, फक्त पैसा कपाटात बसला त्याचे २७४ रुपये जास्त गेले. जुन्या दुकानदारांना रोकड हाताशी ठेवायची सवय असते, आणि साध्या चालू खात्यात त्याने काही बिघडत नाही, कारण चालू खात्यातल्या पैशाला व्याज मिळतच नाही. ओव्हरड्राफ्ट खात्यात मात्र भरलेला प्रत्येक रुपया त्याच दिवसापासून १० टक्क्यांचं व्याज वाचवतो. नानांची सवय बदलायची असेल तर त्यांना उपदेश करण्यापेक्षा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

"बाकी फुकट" हे शब्द मात्र पत्रातून काढून टाका. लिमिट मंजूर करताना प्रोसेसिंग फी लागते, दरवर्षी नूतनीकरणाची फी लागते, मालाचा विमा काढावा लागतो आणि फीवर १८ टक्के जीएसटी असतो. काही बँका लिमिट न वापरल्याचाही आकार घेतात. ४ लाखांपैकी वर्षातून एकच महिना दीड लाख वापरणार असाल तर ६६० रुपयांच्या व्याजापेक्षा हा वरखर्चच कितीतरी जास्त होऊ शकतो. तो आकडा बँकेकडून लेखी घ्या.

यापेक्षाही एक मोठी गोष्ट तुमच्या पत्रात राहून गेली आहे. मालावर दिलेल्या लिमिटला बँकेतले लोक बहुधा कॅश क्रेडिट किंवा नुसतं 'सीसी' म्हणतात. एफडीवर किंवा जागेच्या गहाणावर दिलेल्याला ओव्हरड्राफ्ट, म्हणजे 'ओडी'. बोलताना दोन्हीला सर्रास ओव्हरड्राफ्ट म्हटलं जातं, आणि फसगत इथूनच सुरू होते. तुमच्या नानांना देऊ केलेलं लिमिट मालावर आहे, म्हणजे बहुतेक सीसी आहे. त्यात लिमिट ४ लाखांचं असलं तरी दर महिन्याला उचलता येणारी रक्कम दुकानातल्या मालावरून ठरते. तिला ड्रॉइंग पॉवर म्हणतात.

ती अशी निघते. समजा दुकानात ६ लाखांचा माल आहे, पण त्यातल्या दीड लाखाचे पैसे व्यापाऱ्याला अजून द्यायचे आहेत. म्हणजे नानांच्या स्वतःच्या पैशाचा माल साडेचार लाखांचा. त्यातून बँक २५ टक्के मार्जिन कापते असं धरू. हा आकडा बँकेगणिक बदलतो. उरतात ३,३७,५००. कागदावर ४ लाख, हातात तेवढेच. वसूल व्हायची उधारीसुद्धा बँक हिशोबात धरते, पण साधारणपणे ९० दिवसांच्या आतली. आणि खानदेशातल्या किराणा दुकानाची अडचण नेमकी इथे आहे. जूनमध्ये दिलेली उधारी कापूस निघाल्यावर, दसरा-दिवाळीनंतर येते. बँकेच्या लेखी ती केव्हाच शिळी झालेली असते. नानांच्या दृष्टीने ते पान चांगलं, माणूस चोख, बापापासूनचं गिऱ्हाईक. बँकेच्या हिशोबात त्याची किंमत शून्य.

या हिशोबासाठी बँकेला ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी दरमहा, मालाचं विवरण द्यावं लागतं. त्याला स्टॉक स्टेटमेंट म्हणतात. ते नाना भरणार की तुम्ही नाशिकहून भरणार, हे आत्ताच ठरवा. कंटाळा म्हणून मागच्या महिन्याचे आकडे उतरवून देण्याची पद्धत बरीच रूढ आहे, आणि ती वाईट आहे. बँकेचा माणूस दुकानात येऊन मोजदाद करू शकतो. आणि विवरण तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्याच्या आधारावरची बाकी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अनियमित धरली जाते.

आता ज्या नियमाने चांगली दुकानं अडकतात तो नियम. खात्यातली बाकी सलग ९० दिवस लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, किंवा ९० दिवसांत भरणा झालाच नाही, किंवा झालेला भरणा त्या काळात लागलेल्या व्याजाइतकाही नसला, तर ते खातं थकीत, म्हणजे एनपीए ठरतं. गंमत बघा. शेतकऱ्याच्या पीककर्जाला हा ९० दिवसांचा नियम नाही. तिथे पिकाचा हंगाम मोजतात, कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम. त्याच शेतकऱ्याला उधार देणाऱ्या दुकानदाराला मात्र हंगामाची सवलत नाही. नानांचं गिऱ्हाईक कापसाची वाट बघू शकतं, नानांची बँक बघणार नाही.

समजा १ जूनला खातं ३,९५,००० नावे आहे आणि नाना निवांत आहेत, कारण ४ लाखांच्या आत आहे. जूनअखेर सुमारे ३,२५० रुपये व्याज नावे पडलं, बाकी ३,९८,२५०. जुलैअखेर आणखी ३,३८० पडलं, बाकी ४,०१,६३०. एक रुपया न उचलता खातं लिमिटच्या वर गेलं. लिमिटच्या वर असण्याचे ९० दिवस तिथून मोजायला सुरुवात, आणि भरणाच न झाल्याचे ९० दिवस तर आधीच चालू झालेले. मधल्या काळात नानांनी कोणाला चेक दिला असेल तर तो परत जाऊ शकतो, आणि चेक न वटल्याचं प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ पर्यंत जातं. म्हणून लिमिट काठोकाठ कधी भरू नये. निदान तीन महिन्यांच्या व्याजाएवढी जागा, ४ लाखांच्या लिमिटला साधारण १० हजार, कायम मोकळी ठेवा.

तुम्ही म्हणाल, किराणा दुकानात ९० दिवसांत १० हजारांचा भरणा होणार नाही असं कसं होईल? होतं. विक्री होते, पण ती या खात्यात येत नाही. काउंटरवरचा क्यूआर बऱ्याचदा मुलाच्या किंवा मालकाच्या दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्याला जोडलेला असतो. रोख विक्रीतून व्यापाऱ्याच्या माणसाला हातोहात रोख दिली जाते. दुकान जोरात चालतं आणि ओव्हरड्राफ्टचं खातं कोरडं पडतं. लिमिट घेतलंच तर पहिल्याच आठवड्यात त्या बँकेकडून दुकानाचा क्यूआर त्याच खात्यावर करून घ्या. भरणा आपोआप होईल, व्याजही रोजच्या रोज उतरेल.

आता नानांच्या एफडीकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या घरचं उत्तर तिथे आहे. ४ लाखांचं मालावरचं लिमिट आणि एफडी मोडणं, या दोनच वाटा तुम्ही धरल्या आहेत. तिसरी वाट म्हणजे एफडीवरची ओव्हरड्राफ्ट. साधारणपणे एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत लिमिट मिळतं, म्हणजे ३ लाखांवर २,७०,०००. दर बहुतेक ठिकाणी एफडीच्या दरापेक्षा १ टक्क्याच्या आसपास जास्त असतो. साडेसहा टक्क्यांची एफडी असेल तर साडेसात धरा. मघाचा ऑक्टोबरचा महिना या दराने मांडला तर व्याज येतं ४९५ रुपये. एफडी जागेवर राहते, तिचं व्याज चालू राहतं. मालाचं विवरण नाही, ड्रॉइंग पॉवर नाही, मालाची तपासणी नाही, आणि तारण बँकेकडेच असल्यामुळे जामीनदारही सहसा मागत नाहीत. एफडी दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतील, एवढंच. इथेही व्याज भरत राहावं लागतं. बाकी एफडीच्या रकमेच्या जवळ जाऊ लागली तर बँक एफडीतून वळती करून घेते.

महिना-दीड महिन्याच्या गरजेसाठी एफडी मोडणं तोट्याचं आहे, कारण मुदतीआधी मोडली की जितके दिवस राहिली तितक्या दिवसांचाच दर मिळतो आणि त्यातूनही बहुधा अर्धा-एक टक्का कापतात. पण पैसा दोन-तीन वर्षं परत येणार नसेल, म्हणजे नवीन रॅक, डीप फ्रीझर, गाळ्याचं काम, तर नानांचं म्हणणं बरोबर आहे : एफडी मोडावी किंवा हप्त्यांचं कर्ज घ्यावं. ओव्हरड्राफ्टमधून असली खरेदी करू नये. तेल, साखर, रवा, मैदा, डाळ विकून पैसा महिन्या-दीड महिन्यात खात्यात परत येतो. फ्रीझर विकून येत नाही. असं केलेलं खातं वर्षानुवर्षं लिमिटला चिकटून बसतं आणि दुकानदार फक्त व्याज भरत राहतो. वर्षातून एकदा तरी, तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत, पान `Cr` मध्ये आलं पाहिजे. आलं नाही, तर कुठेतरी पैसा अडकला आहे असं समजा आणि उधारीची वही तपासा.

उधारीचा हिशोब नानांना बोचेल, पण सांगा. जूनमध्ये दिलेली ५,००० ची उधारी नोव्हेंबरमध्ये आली, तर १५० दिवसांचं १० टक्क्यांनी व्याज २०५ रुपये होतं. किराण्यात त्या मालावर सुटणारा नफा ६ टक्के धरला तर ३०० रुपये. त्यातले २०५ बँकेला गेले. स्वतःच्या पैशातून दिलेली उधारी आणि बँकेच्या पैशातून दिलेली उधारी वहीत सारखीच दिसते, पण त्यांची किंमत सारखी नसते. उधारी बंद करा असं मी म्हणत नाही. गावातलं दुकान तिच्याशिवाय चालत नाही. ती स्वतःच्या भांडवलातून द्यावी, आणि बँकेचा पैसा फक्त रोखीने पटकन विकणाऱ्या मालासाठी ठेवावा.

ओव्हरड्राफ्ट घ्यावीच का, हे ठरवायला व्यापाऱ्याला एक फोन पुरेसा आहे. दीड लाखाच्या मालावर रोख दिल्यास २ टक्के सूट मिळत असेल तर ३,००० रुपये सुटतात, आणि त्यासाठी ४९५ किंवा ६६० रुपये व्याज देणं शहाणपणाचं आहे. तोच व्यापारी सूट न देता महिन्याभराची उधारी बिनव्याजी देत असेल, तर बँकेच्या दारात जायचं कारणच नाही. हे विचारायचं काम नानांवर सोपवा. व्यापाऱ्याशी घासाघीस ते तुमच्यापेक्षा बरी करतील.

नानांना मनातून कर्जाची लाज वाटत असेल तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १७२८ मध्ये एडिंबरा इथल्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने खात्यात होते त्यापेक्षा १,००० पौंड जास्त उचलू दिले. ओव्हरड्राफ्टची सुरुवात तिथून सांगितली जाते. त्याची अडचणही दुकानदाराचीच होती : पैसे मागणारे दारात आणि येणं अजून वाटेत.

पत्र पुन्हा लिहाल तेव्हा ते साधारण असं असू द्या :

"नाना, तुम्ही विचारलं ते बरोबर होतं, पैसा बँकेचाच आहे. तुम्ही जसं उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाचं पान ठेवता तसं बँक तुमचं पान ठेवणार. जेवढं उचलाल तेवढं नावे, जेवढं भराल तेवढं जमा. रोज रात्री जी बाकी असेल तिच्यावर त्या दिवसाचं व्याज. म्हणून गल्ला रोज किंवा एक दिवसाआड भरायचा. मोबाईलवर दिसणारा मोठा आकडा आपला नाही. आपली एफडी मोडायची नाही, तिच्यावरच उचल मागायची. दिवाळीचा माल आणायचा, विकायचा, आणि संक्रांतीच्या आत पान चुकतं करायचं. उधारी त्या पैशातून द्यायची नाही. व्यापारी रोखीवर किती सूट देतो ते आधी विचारा, मग ठरवू."

एवढंच. यात 'ओव्हरड्राफ्ट' हा शब्द एकदाही आला नाही तरी चालेल. बँकेच्या फॉर्मवर तो दिसला की तुमचे नाना स्वतःच ओळखतील.

राहिली तुमची सही. मालावरचं ४ लाखांचं लिमिट घ्यायचं ठरलं तरच तिचा प्रश्न येतो. कराराच्या कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बँकेने आधी नानांकडून वसूल करायचा प्रयत्न केलाच पाहिजे असं बंधन नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. खातं थकलं तर त्याची नोंद तुमच्याही क्रेडिट अहवालात येऊ शकते, आणि उद्या नाशिकला घरासाठी कर्ज मागाल तेव्हा ती आडवी येईल. हमीपत्रात रक्कम ४ लाख अधिक व्याज एवढीच लिहिली आहे का, की पुढे लिमिट वाढलं तर तेही त्यात येईल अशी चालू हमी आहे, हे वाचा. रकमेची जागा कोरी ठेवलेल्या फॉर्मवर सही करू नका. मंजुरीपत्राची प्रत हातात आल्यावर दर, फी, मार्जिन, विवरणाची मुदत आणि नूतनीकरणाची तारीख त्यात शोधा. नूतनीकरणाची तारीख टळून १८० दिवस गेले की बाकी व्यवहार चोख असले तरी खातं एनपीएत जातं, म्हणून ती तारीख तुमच्या मोबाईलमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.